कुलूप बघून मारलेल्या फुल्या

कुलूप पुढच्या दाराला होतं आणि खोकला घराच्या मागून आला.

मी अंगणात उभी होते. हातात कागद होता. त्या कागदावर या घराच्या ओळीपुढे मी माझ्या हाताने फुली मारलेली होती. फुली म्हणजे घर बंद, कोणी राहत नाही. ती फुली मी आदल्या आठवड्यात पोलादपूरच्या स्टँडवर चहा पिताना मारली होती. इथे न येता.

माझ्या शेजारी तहसील कचेरीतली कॉम्प्युटर ऑपरेटर पोरगी उभी होती. तिनेही खोकला ऐकला. तिने माझ्याकडे बघितलं नाही, कागदाकडेही बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मागून आवाज आला, "कोण हाय गो?"

मी आयुष्यात पुष्कळ चुका केल्या, पण त्यांतली एकही अशी घरामागून खोकली नव्हती.

हे सगळं कसं सुरू झालं ते सांगते. मी अंगणवाडीत मदतनीस होते. माझी शाळा चौथीपर्यंत. खालच्या बौद्धवाडीतून डोंगरातल्या वाड्यांवर पोरांचा खाऊ पोचवायचा, वजनाला पोरं गोळा करायची, हे काम मी तीस वर्षं केलं. आता रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. नवरा गेला, मुलगी लग्न होऊन महाडला, तिचं तिला पुरे होतं. घरात मी आणि रेडिओ. रेडिओ बिघडला तेव्हा मी एकटी.

त्या वर्षी होळीनंतर ग्रामसेवक दारात आला. म्हणाला, तहसीलला एक बाई आल्यात, त्यांना डोंगरातली घरं ओळखणारं माणूस पाहिजे. मी म्हटलं, माझे गुडघे बघ. तो म्हणाला, गुडघे नकोत, डोकं पाहिजे. मी गेले. खरं सांगायचं तर आठ दिवसांत माझ्याशी कोणी धड बोललं नव्हतं, म्हणून गेले.

ती बाई म्हणजे पंचवीस-सव्वीसची पोरगी होती. देशावरची, डोळ्याला चष्मा. मला मावशी म्हणाली आणि खुर्ची दिली. मग काम सांगितलं.

पावसाळ्यात दरड येऊ शकते अशा वाड्यांमधल्या माणसांची यादी करायची होती. पाऊस वाढला की याच यादीवरून कोतवाल आणि गावातली पोरं घरोघरी हाक मारणार आणि माणसांना खालच्या शाळेत आणणार. यादीत नाव असेल त्याच्या दारात हाक जाईल. नसेल त्याच्या दारात जाणार नाही.

यादी करायला तिच्याकडे दोन वह्या होत्या, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये होत्या. एक ग्रामपंचायतीची घरांची, दुसरी रेशनची. दोन्ही एकमेकींशी लावून बघितल्या तर बहुतेक ओळी जुळल्या. आठशे चाळीस जुळेनात.

त्या आठशे चाळीसचे तिने तीन ढीग केले होते. पहिला ढीग नावाच्या फरकाचा. एकीकडे बाईचं सासरचं नाव, दुसरीकडे माहेरचं, कुठे आडनावच नाही. अशा सहाशे ओळी होत्या. दुसरा ढीग दोनदा आलेल्या नावांचा, दीडशे. तिसरा सगळ्यात लहान, नव्वद. त्यात घर होतं, पण घराचा मालक मेलेला आणि त्या घरावर रेशनकार्ड नाही.

तहसीलच्या साहेबांना घाई होती. पहिल्या ढिगातली नावं एकत्र करा, दुसऱ्यातली जास्तीची काढा, तिसरा ढीग म्हणजे मुंबईला गेलेल्यांची बंद घरं, ती यादीतून उडवा. एका दिवसाचं काम आहे, असं त्यांचं म्हणणं. पोरगी म्हणाली, आधी प्रत्येक ढिगातल्या तीस-तीस ओळी प्रत्यक्ष घरी जाऊन तपासते. आपण जे करणार आहोत ते किती ठिकाणी चुकेल याचा अंदाज येऊ दे, मग सगळं दुरुस्त करू.

मी तिला म्हटलं, "शितावरून भाताची परीक्षा, असंच ना?"

"तसंच, मावशी. पण भांडी तीन आहेत. एका भांड्यातलं शीत दाबून दुसऱ्या भांड्यातला भात शिजला की नाही ते कळत नाही."

हे मला पटलं. मी विचारलं, की मग सगळ्यांतून तीसच का? मोठ्या ढिगातून जास्त घे, लहानातून चार-पाच घे. ती म्हणाली, लहान ढिगातून चारच घरं बघितली आणि चारही योगायोगाने बंद निघाली तर आपण काय समजायचं? ढीग लहान असला तरी त्यात काय चाललंय ते कळायला पुरेशी घरं बघावी लागतात. पुढे हिशेब करताना कुठला ढीग केवढा ते धरता येतं.

तीस ओळी कुठल्या, हे आम्ही ठरवलं नाही. ते कॉम्प्युटरने चिठ्ठ्या काढल्यासारखं ठरवलं. तिने कागद छापून दिला. प्रत्येक ओळीपुढे तीन रकाने होते. कोणी राहतं का, कोण भेटलं, आणि शेवटी शेरा. तिने एकच गोष्ट दोनदा सांगितली, की घर लांब आहे म्हणून बदलून जवळचं घर घ्यायचं नाही. जवळची घरं आणि लांबची घरं सारखी नसतात.

पहिले दोन ढीग तिने आणि कोतवालाने केले. तिसरा मला दिला, कारण बंद घरं कोणाची हे मलाच माहीत असणार.

मी बावीस घरं केली. सहा आसनी रिक्षाने रस्त्यापर्यंत आणि पुढे चालत. चैत्राचं ऊन. वाड्या अशा की पूर्वी मी गेले तर दहा पोरं पुढ्यात धावत यायची, आता कुत्रं भुंकायलाही नव्हतं. दाराला कुलूप, ओट्यावर पाचोळा. बावीसात तीन घरांत माणसं सापडली. एकोणीस ठिकाणी मी फुली मारली.

राहिलेली आठ घरं सगळ्यात वरच्या दोन-तीन वाड्यांमधली होती. गुडघे सुजले होते. मी स्टँडवर बसले, चहा घेतला आणि आठवून आठवून आठही फुल्या मारल्या. हा मुलाकडे घाटकोपरला, ती लेकीकडे, ते दोघे मेले. मला वाटलं, मला माहीत आहे. तीस वर्षं मी या वाड्यांवर चढले होते, आणखी काय बघायचं?

पोरीने कागद घेतला आणि बोट खाली नेत नेत थांबली.

"मावशी, या आठांना 'कोण भेटलं' रिकामं आहे."

"बंद घरात कोण भेटणार?"

"बाकीच्या बंद घरांना तुम्ही शेजाऱ्याचं नाव लिहिलंय. कुठे 'कोणी नाही, कुलूप' असं लिहिलंय. इथे काहीच नाही."

चौथी शिकलेल्या बाईला कोणी वही तपासून पकडलं तर फार राग येतो. मी म्हटलं, मला ती घरं पाठ आहेत. ती रागावली नाही. म्हणाली, मग 'बघितलं नाही' असं लिहूया. बघितलं नाही आणि बंद आहे, हे दोन वेगळे शेरे आहेत. पण आठ घरं न बघता सोडली तर या ढिगाचा अंदाज लंगडा होईल. तुम्हाला जमत नसेल तर मी एकटी जाते, फक्त वाट सांगा.

एकटी जाते म्हणाली म्हणून मी गेले. वाट सांगून समजणारी नव्हती.

तर अशा आम्ही दोघी त्या अंगणात उभ्या होतो आणि मागून पुन्हा आवाज आला, "अगो, कोण हाय?"

आम्ही घराला वळसा घालून मागे गेलो. मागच्या पडवीत एक म्हातारी सुपात कुळीथ निवडत बसली होती. मी तिला ओळखलं. तिनेही मला ओळखलं.

"खाऊवाली ना गो तू?"

"हो."

"मंग इतकी वर्सं पुढच्या अंगणात उभी राह्यलीस, आज मागं कशी आलीस?"

ती हे हसून म्हणाली. टोमणाच होता, पण कोणाला होता ते आम्हाला दोघींनाही नीट ठाऊक नव्हतं. मी बौद्धवाडीतली. त्या घरांच्या अंगणाच्या आत मला कोणी बोलावलं नव्हतं. खाऊ अंगणात ठेवायचा, पोरं तिथून न्यायची, पाणी मागितलं तर वरून ओंजळीत. मी त्याचा कधी बोभाटा केला नाही, आणि ते कधी विसरलेही नाही. पण त्या दिवशी मला एक साधी गोष्ट कळली. मला पाठ होती ती सगळी घरं अंगणापर्यंतच पाठ होती. आत कोण, मागे कोण, हे मला कधीच माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "आज कोणी बोलावलं नाय, तरी आले."

"बरा केलंस. बस."

पोरीने विचारायला सुरुवात केली. घर नवऱ्याच्या नावावर, तो मरून बारा वर्षं झाली. दोन मुलगे मुंबईला. रेशनकार्डात हिचं नाव मुलाकडे लावलं, म्हणून इथलं कापलं. घराची वाटणी झाली तेव्हा पुढचा भाग धाकट्या दिराला गेला. तो मुंबईला जाताना पुढच्या दाराला कुलूप लावून गेला आणि चावी घेऊन गेला. हिच्या वाट्याला मागची पडवी आणि चूल. ती दिराच्या वाट्यातून येत-जात नाही, मागच्या दाराने वावरते. भावकीत वाटणी म्हणजे वाटणी.

कागदावर बघायचं तर मालक मयत, रेशन नाही. अंगणातून बघायचं तर कुलूप. तिच्या वाडीत सात घरं होती. बाकी सहा खरंच बंद होती.

"आजी, पावसात खाली शाळेत नेतात ना सगळ्यांना?" पोरीने विचारलं.

"नेतात गो. लोकान्ला नेतात."

"तुम्हाला हाक मारत नाहीत?"

"पुढं येतात, कुलूप बघतात, मागारी जातात. मला आयकू येतात पाय. मी उठून भायेर येईपर्यंत गेलेली असतात."

"मग तुम्ही ओरडत नाही?"

म्हातारीने सूप पाखडलं. "वरडून काय सांगू? मी हाय म्हनून?"

पोरीने कागद गुडघ्यावर घेतला. तिने लिहिलं: राहते. कोण भेटलं, त्याच्यापुढे म्हातारीचं नाव. मग माझी फुली खोडली आणि खोडल्यावर सही केली. मला म्हणाली, तुम्हीही सही करा, कोणी कधी बदललं ते दिसलं पाहिजे. मी सही केली. माझी सही मोठी आहे, रकान्यात मावत नाही.

उतरताना मी तिला खरं ते सांगितलं. स्टँडवरच्या चहाचं नव्हे, ते तिला कळलंच होतं. मी म्हटलं, "बाय, ज्या बावीस घरांना मी जाऊन आले ना, तिथंही मी कुलूपच बघितलं. मागं गेले नाय."

ती वाटेतच बसली. पाणी प्यायली. मग म्हणाली, "किती?"

"एकोणीस."

त्या एकोणीसांना आम्ही पुन्हा गेलो, आणि वरच्या वाड्यांतल्या न बघितलेल्या सातांनाही. प्रत्येक घराला वळसा घालून. करवंदं पिकली होती, ती खात खात. एका घरामागे लुळा म्हातारा सापडला, त्याची सून सकाळी गावात कामाला जायची. एका घरामागे दोघी बहिणी. मी जाऊन बंद म्हटलेल्या एकोणीसांत चार घरांत माणूस होतं. न बघता बंद म्हटलेल्या आठांतही चार घरांत. आधीची तीन धरून तीसात अकरा.

माझ्या पहिल्या कागदावर हा आकडा तीसात तीन होता.

पोरीने दुसऱ्या दिवशी हिशेब मांडला आणि मला समजावला, कारण मी समजल्याशिवाय उठणार नव्हते. पहिल्या ढिगात तीसात एक चूक. दोन जावांची नावं सारखी, घरं शेजारी शेजारी, कॉम्प्युटरने दोघींची एक बाई केली असती. सहाशेंच्या ढिगात असा वीस ठिकाणी घोळ होईल असा अंदाज. दुसऱ्या ढिगात तीसात दोन, म्हणजे दीडशेत दहा. तिसऱ्यात तीसात अकरा, म्हणजे नव्वदात तेहतीस. एकूण त्रेसष्ट. मी म्हटलं, तीन तीसा नव्वद आणि चुका चौदा, सरळ तेवढंच का नाही सांगत? ती म्हणाली, कारण आपण लहान ढिगातून मुद्दाम जास्त घरं बघितली. सगळं एकत्र घुसळलं तर आकडा खोटा येईल. आणि त्रेसष्ट हा अंदाज आहे, वीस-पंचवीसही इकडे तिकडे होऊ शकतात.

साहेबांनी कागद बघितला. ते वाईट मनुष्य नव्हते, त्यांच्या टेबलावर असे वीस कागद होते. म्हणाले, आठशे चाळीसात त्रेसष्ट म्हणजे शंभराला सात-आठ. यादीत एवढं चालतं. करून टाका एकदम.

पोरगी म्हणाली, "सर, सरासरी सात-आठ आहे. तिसऱ्या ढिगात दर तीन घरांमागे एकापेक्षा जास्त चूक आहे. तो उडवता येणार नाही."

"नव्वद घरं पुन्हा कोण बघणार? पाऊस तोंडावर आलाय."

तेव्हा मी बोलले. मला कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "साहेब, तिसातली मी सत्तावीस बंद लिहून दिली होती. त्यातल्या आठ घरांमागं माणूस बसलेलं होतं. तुमचा कागद जेवढा खोटा होता त्याच्यावर मी आणखी खोटं घातलं. साठ राहिल्यात. मी बघते."

"तुमचे गुडघे?"

"ते यादीत नाहीत."

ते हसले आणि कोतवाल बरोबर दिला. दुसऱ्या ढिगाचं काय करायचं यावर साहेब आणि पोरगी बराच वेळ बोलत होते. मी म्हटलं, दोनदा आलेली नावं तशीच ठेवा, एका दारात दोनदा हाक मारली तर कोणी मरत नाही. ते त्यांनी ऐकलं. पहिल्या ढिगात पोरीने नियम बदलला. घराचा नंबर एकच असेल तरच नावं एकत्र करायची. मग नवीन तीस ओळी काढून पुन्हा तपासल्या. त्यात एकही चूक सापडली नाही. तरी ती म्हणाली, सापडली नाही म्हणजे उरलीच नाही असं नव्हे.

साठ घरांना आम्हाला सतरा दिवस लागले. पोरीच्या अंदाजाने त्यांत बावीस ठिकाणी माणूस मिळायला हवं होतं. वीस ठिकाणी मिळालं. बहुतेक बायका. नवऱ्याच्या नावाचं घर, मुलाच्या कार्डात नाव, आणि राहायला मागची पडवी. मला बघून कोणी घाबरायची, कोणी तासभर बोलत बसवायची. एकीने मला जेवायला वाढलं आणि समोर बसून बघत राहिली. जेवणारं माणूस तिने बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. मी दोनदा भात घेतला, भूक नसताना.

यादीला एक नवीन रकाना आला, हाक कुठून मारायची. तो कोतवालाने सुचवला. म्हातारीच्या ओळीत तिथे 'मागून' असं लिहिलं.

ते काम संपल्यावर पोरीची बदली झाली. जाताना घरी आली, चहा घेतला, फोन करीन म्हणाली. दोनदा केला. मग नाही केला, आणि त्यात काही वावगं नाही. मी पुन्हा माझ्या घरात. कधी कधी दाराशी पाय वाजले की मी लवकर उठायला लागले होते.

आषाढात चार दिवस पाऊस थांबलाच नाही. म्हातारीच्या वाडीच्या पाठीला डोंगराला भेग पडल्याचं गुराख्याने सांगितलं. दुपारी कोतवाल आणि चार पोरं यादी घेऊन वर गेली. मी खाली शाळेत पिठलं-भाताच्या कामाला होते. कोतवालाने नंतर सांगितलं की म्हातारी यायला तयार नव्हती. कुळीथ भिजेल म्हणत होती. त्याने तिला पाठीवर घेतलं आणि कुळथाचं बोचकं एका पोराच्या डोक्यावर दिलं.

शाळेत ती माझ्या शेजारच्या चटईवर होती. माझ्या हातचं जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगर खाली आला. वाडीतल्या सातांपैकी पाच घरं गेली, तिचं त्यात होतं. पुढचं कुलूप आणि मागची पडवी दोन्ही. मुंबईहून दीर आला, मुलगे आले, ढिगाऱ्याचे फोटो काढले. पंचनाम्याला आलेल्या माणसाने विचारलं, इथे कोणी राहत होतं का? मुलगे एकमेकांकडे बघायला लागले. कोतवालाने यादी काढून दाखवली.

त्या वाडीत पावसाळ्याला एकच माणूस होतं. ते वाचलं. म्हातारी आता धाकट्या मुलाकडे असते, तिला तिथे आवडत नाही, पण ती जिवंत आहे.